पडद्यापलीकडचा अबोल ग्राहक

शेतमालाच्या जुन्या बाजारात ‘हत्ता’ नावाची एक चाल होती. अडत्या आणि खरेदीदार एकमेकांचा हात हातात घेत, वर उपरणे किंवा रुमाल टाकीत आणि बोटांच्या खुणांनी भाव सांगत. तोंडातून शब्द निघत नसे. पुढे उघड लिलावाचे नियम आले आणि ही चाल मागे पडली. ती मागे पडली हे योग्यच झाले, कारण ज्याचा माल विकला जाई त्या शेतकऱ्याला रुमालाखाली काय चालले आहे ते कळत नसे. परंतु त्या चालीतील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खरेदीदार गप्प असला तरी त्याचा हात हातात असे. तो अडखळला, त्याने बोट सैल केले, हात मागे घेतला, तर समोरच्याला ते तत्काळ समजे.

आजचा विक्रेता अनेकदा ज्या ग्राहकापुढे बसतो, त्याचा हात तर नाहीच, पण पुष्कळदा चेहराही दिसत नाही. २०२० साली टाळेबंदीमुळे प्रवास बंद झाला आणि व्यापाराच्या भेटीगाठी व्हिडिओ कॉलवर होऊ लागल्या. प्रवास पुन्हा सुरू झाला, तरी ही पद्धत टिकून राहिली. बेळगावहून हैदराबादला जाण्यायेण्यात जे दोन दिवस मोडत, ते काम आता अर्ध्या तासात उरकता येते. मात्र अर्ध्या तासाच्या या भेटीत विक्रेत्यापुढे एक नवीन कोडे उभे राहते. त्याने दर सांगितला, आणि पलीकडे शांतता पसरली, तर त्या शांततेचा अर्थ काय लावावा?

हे कोडे एका उदाहरणाने नीट कळेल. बेळगावच्या उद्यमबागेतील एखादी ओतशाळा डोळ्यांसमोर आणावी. ती बिडाचे ओतकाम करते. हैदराबादच्या एका पंप-कारखान्याला पंपाचे कवच, म्हणजे केसिंग, हवे आहे. एका नगाचे वजन १८ किलो, महिन्याची गरज ५०० नगांची. ओतशाळेचा दर किलोला ११२ रुपये, म्हणजे नगाला २,०१६ रुपये आणि महिन्याला १० लाख ८ हजार रुपये. आकडे नमुन्याचे आहेत, पण व्यवहाराची घडण अशीच असते. कॉलवर पलीकडे तिघे आहेत : खरेदीप्रमुख, गुणवत्ता तपासणारा अधिकारी आणि मशीनशॉपचा प्रमुख. खरेदीप्रमुखाचा चेहरा दिसतो, उरलेल्या दोघांच्या जागी केवळ नावांच्या पाट्या आहेत. बोलणे हिंदीत चालले आहे.

विक्रेता वीस मिनिटे ओतशाळेची माहिती सांगतो, ड्रॉइंग दाखवितो आणि मग दरपत्रक पडद्यावर आणतो. पलीकडून कोणी बोलत नाही. पाच सेकंद जातात, दहा जातात. विक्रेत्याला वाटते की दर जड गेला. तो स्वतःच म्हणतो, “साहेब, आपल्यासाठी किलोमागे चार रुपये कमी करता येतील.” पलीकडून उत्तर येते, “ठीक आहे, पाहून कळवतो.” कॉल संपतो.

या एका वाक्याची किंमत काय झाली? किलोला चार रुपये म्हणजे नगाला ७२ रुपये, ५०० नगांना महिन्याला ३६,००० रुपये आणि वर्षाला ४ लाख ३२ हजार रुपये. एवढी रक्कम विक्रेत्याने कोणी मागितली नसताना सोडून दिली, आणि तरीही सौदा झाला नाही. कारण पलीकडच्या शांततेचा दराशी संबंधच नव्हता. तो कशाशी होता, हे पुढे येईल. आधी पाहायचे ते हे, की व्हिडिओ कॉलवरची शांतता उत्पन्न कशी होते. तिची उगमस्थाने मुख्यतः तीन आहेत : यंत्र, खोली आणि मन. विक्रेत्याची चूक ही, की तो प्रत्येक शांतता मनातून आली असे धरून चालतो.

पहिली शांतता यंत्राची. समोरासमोर बोलताना माणसे फार झटपट उत्तर देतात. जगातील दहा भाषांतील बोलण्याची मोजणी करून २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होण्यात सरासरीने सेकंदाचा सुमारे पाचवा भाग, म्हणजे २०० मिलिसेकंद, जातात. या वेगाची कानाला इतकी सवय असते, की थोडासाही उशीर झाला तर ऐकणारा त्यातून नाराजी किंवा नकार वाचू लागतो. आता इंटरनेटवरून आवाज जाण्यास जो वेळ लागतो तो यात मिळवावा. दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असेल, तर संभाषणाला सहसा बाधा येत नाही. ४०० च्या पलीकडे तो जाऊ नये. समजा, तो ३०० आहे. विक्रेत्याचा प्रश्न पोहोचण्यास ३०० आणि उत्तर परत येण्यास ३०० असे ६०० मिलिसेकंद खर्ची पडतात. त्यात ग्राहकाचे नेहमीचे २०० मिळविले म्हणजे ८०० झाले. ग्राहकाने तत्परतेने उत्तर दिले असूनही विक्रेत्याच्या कानाला ते चौपट उशिराने आल्यासारखे वाटते. जर्मनीतील संशोधकांनी २०१४ साली हेच दाखवून दिले. तारेवर विलंब घातला, की लोक विलंबाला दोष न देता समोरच्या माणसालाच कमी लक्ष देणारा समजू लागतात.

याहून साधीही कारणे असतात. ग्राहकाने मायक्रोफोन बंद ठेवलेला असतो आणि तो बोलू लागल्यावर बंद असल्याचे त्याच्या ध्यानात येते. किंवा जोडणी मंदावलेली असते आणि विक्रेत्याचे शेवटचे वाक्य पोहोचलेलेच नसते. म्हणून कॉलच्या आरंभीच, कुशल विचारण्याच्या ओघात, उत्तर यायला किती वेळ लागतो हे विक्रेत्याने कानाने टिपून ठेवावे. “हैदराबादला पाऊस आहे का?” या निरुपद्रवी प्रश्नाचे उत्तर दीड सेकंदाने आले, तर पुढे दराच्या प्रश्नालाही दीड सेकंद लागणारच. तेवढी शांतता हिशेबातून वजा करावी आणि उरलेलीचा विचार करावा.

यंत्राच्या शांततेत सर्वांत फसवी ती पडदा दाखविण्यातून येणारी. विक्रेता स्वतःचा पडदा ग्राहकाला दाखवू लागला, म्हणजे दोन गोष्टी घडतात. ग्राहकाचा चेहरा लहान होऊन कोपऱ्यात जातो, किंवा कागदाच्या मागे झाकला जातो. आणि विक्रेत्याला वाटू लागते, की जे मला दिसते तेच त्यालाही दिसते. हे दुसरे गृहीत वारंवार खोटे ठरते. पडदा दाखविताना बहुतेक ठिकाणी Window की Entire Screen अशी निवड करावी लागते. संपूर्ण पडदा दाखविला, तर दुसऱ्या एखाद्या ग्राहकाचे ड्रॉइंग, त्याला दिलेला दर किंवा नुकताच आलेला खाजगी संदेश सर्वांपुढे उघडा पडण्याचा धोका असतो. ज्या ओतशाळेने दुसऱ्याचा दर असा उघडा केला, ती आपलाही करील, हे ग्राहक न बोलता ताडतो. म्हणून एकच खिडकी दाखविणे शहाणपणाचे. पण त्यात दुसरा खड्डा आहे. विक्रेत्याने त्यानंतर दरपत्रक वेगळ्या खिडकीत उघडले, तर ते पलीकडे दिसतच नाही. विक्रेता दरपत्रकाच्या रकान्यांवर बोलत राहतो आणि ग्राहकापुढे मात्र मघाचे ड्रॉइंगच असते. तो सभ्य असेल तर गप्प बसतो आणि मध्येच केव्हातरी त्याचे लक्ष उडते.

त्यातून पलीकडचा माणूस कोणत्या साधनावर पाहतो आहे हेही ठाऊक नसते. मशीनशॉपचा प्रमुख कारखान्यात उभा राहून मोबाइलवर पाहत असेल, तर वीस रकान्यांचे दरपत्रक त्याला मुंग्यांच्या रांगेसारखे दिसते. कागद वरखाली सरकवीत गेले, तर मंद जोडणीवर चित्र आधी पुसट होते आणि थांबल्यावर क्षणाने स्पष्ट होते. विक्रेता सतत सरकवीत राहिला, तर ग्राहकाला सतत पुसटच दिसते. यावर उपाय साधा आहे. एका वेळी एकच बाब दाखवावी, अक्षर इतके मोठे करावे की पडद्यावर चारपाच ओळींहून अधिक काही मावू नये, आणि बोलण्यापूर्वी दोन सेकंद थांबावे. मग “दिसते आहे ना?” असे विचारू नये. या प्रश्नाला न पाहताही होकार देता येतो. त्याऐवजी म्हणावे, “साहेब, तळाच्या ओळीत भिंतीची जाडी किती दिसते?” उत्तर “आठ मिलिमीटर” असे आले, तर चित्र पोहोचले, अक्षर वाचता आले आणि लक्षही जागेवर आहे, या तिन्ही गोष्टी एकाच उत्तरात कळल्या.

लक्ष टिकविण्याचे रहस्य याच प्रश्नात आहे. खोलीत बसलेल्या ग्राहकाला विक्रेत्याच्या हालचालीने, नमुन्याच्या वजनाने, चहाच्या कपाने धरून ठेवता येते. पडद्यापुढच्या ग्राहकापाशी त्याचे स्वतःचे संदेश, पत्रे आणि कामे एका बोटाच्या अंतरावर असतात. त्याला ऐकत ठेवता येत नाही, करीत ठेवावे लागते. तीनचार मिनिटांत एकदा त्याच्या वाट्याला काहीतरी लहानसे काम आले पाहिजे : एखादे माप वाचणे, दोन पर्यायांतून एक निवडणे, किंवा त्याहून उत्तम म्हणजे त्याचाच कागद दाखविणे. विक्रेता जेव्हा म्हणतो, “मागच्या पुरवठ्यात जे नग नापास झाले त्यांची नोंद आपल्याजवळ असेल, ती आपणच पडद्यावर दाखविता का?” तेव्हा पडदा ग्राहकाच्या हाती जातो. स्वतःचा कागद दाखविणाऱ्या माणसाचे लक्ष उडत नाही, आणि जे वीस प्रश्नांनी बाहेर आले नसते ते त्या कागदावर लिहिलेले असते.

नजरेसंबंधीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कॅमेरा पडद्याच्या वर आणि ग्राहकाचे चित्र पडद्याच्या एका कडेला असेल, तर विक्रेता ग्राहकाकडे पाहत असताना ग्राहकाला मात्र तो बाजूला पाहत आहे असे दिसते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे आढळले, की कॅमेऱ्याच्या किंचित खाली पाहिलेले समोरच्याला फारसे जाणवत नाही, बाजूला किंवा वर पाहिलेले मात्र लगेच जाणवते. तेव्हा ग्राहकाच्या चित्राची खिडकी ओढून कॅमेऱ्याच्या बरोबर खाली आणून ठेवावी. हाच न्याय ग्राहकालाही लावावा. तो बाजूला पाहतो म्हणून कंटाळला, असा निष्कर्ष काढू नये. कदाचित त्याच्या दुसऱ्या पडद्यावर तेच ड्रॉइंग उघडे असेल आणि तो इतरांपेक्षा अधिक बारकाईने पाहत असेल. कॅमेरा बंद आहे म्हणून रस नाही, हाही निष्कर्ष तितकाच कच्चा.

दुसरी शांतता खोलीची. पलीकडे तिघे आहेत आणि त्यांचे आपसांत काही नाते आहे. वरिष्ठ बोलण्यापूर्वी कनिष्ठाने बोलू नये हा संकेत आपल्याकडील कचेऱ्यांत आजही पाळला जातो. गुणवत्ता-अधिकाऱ्याला शंका असते, पण खरेदीप्रमुखाच्या देखत ती बोलून दाखविणे त्याला प्रशस्त वाटत नाही. शिवाय भाषेचा प्रश्न असतो. विक्रेता घरी मराठी बोलणारा, ग्राहक घरी तेलुगू बोलणारा, आणि दोघांचा व्यवहार हिंदीत. परक्या भाषेत ऐकलेला दर आपल्या भाषेत मनाशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. सीमाभागात आणि मोठ्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या दोनतीन भाषांत व्यापार करणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. समोरासमोर असताना ते ग्राहकाच्या कपाळावरील आठीवरून तो ओळखतात. पडद्यावर ती आठी दिसत नाही, म्हणून त्या वेळेची सोय मुद्दाम ठेवावी लागते.

खोलीच्या शांततेची एक खूण मात्र पडद्यावरच मिळते, आणि ती प्रत्यक्ष भेटीत नसते. सहभागी माणसाच्या नावापाशी मायक्रोफोनचे लहानसे चिन्ह असते. विक्रेत्याने दर सांगितला आणि तिघांपैकी एकाचा चालू असलेला मायक्रोफोन बंद झाला, तर बहुधा तेथे आपसांत बोलणे सुरू झाले आहे. अशा वेळी विक्रेत्याने बोलू नये. उलट, एखाद्याचा मायक्रोफोन उघडला आणि काही न बोलता पुन्हा बंद झाला, तर त्याच्या ओठांवर काहीतरी आले होते आणि ते त्याने गिळले. त्या माणसाकडे पुढे परत यायचे, हे विक्रेत्याने समोरच्या कागदावर लिहून ठेवावे. परंतु “तुमची काही हरकत आहे का?” असे त्याला सर्वांदेखत विचारणे चुकीचे. त्यामुळे वरिष्ठापुढे बाजू घेण्याचा प्रसंग त्याच्यावर येतो आणि तो “नाही, नाही” म्हणून मोकळा होतो. ज्याचे जे काम, त्याविषयी त्याला विचारावे. गुणवत्ता-अधिकाऱ्याला पाण्याच्या दाबाच्या चाचणीविषयी, मशीनशॉपच्या प्रमुखाला मशिनिंगसाठी ठेवलेल्या जादा जाडीविषयी. आपल्या कामाविषयी बोलण्यात कोणाचाच अधिक्षेप नसतो.

तिसरी शांतता मनाची, म्हणजे खऱ्या शंकेची. यंत्र आणि खोली ही दोन कारणे वजा केल्यावर जी उरते ती ही. तिचा अर्थ अंदाजाने लावू नये. तिला बोलते करावे. त्यासाठी तीन पावले पुरतात. पहिले, दर सांगून झाल्याबरोबर पडदा दाखविणे थांबवावे, म्हणजे चेहरे पुन्हा मोठे होतात आणि ग्राहकाची नजर आकड्यावरून माणसाकडे येते. दुसरे, शांततेला दोषाचे नव्हे, कामाचे नाव द्यावे : “आपण आपसांत बोलून घ्या, मी थांबतो.” यामुळे गप्प राहणे अवघड वाटत नाही. तिसरे, त्यानंतर असा प्रश्न विचारावा, ज्याचे उत्तर हो-नाहीत देता येणार नाही आणि ज्यात ग्राहकाला नकाराची जागा आधीच करून दिलेली असेल. “हा सौदा उद्या मोडला, तर तो दरावर मोडेल, मुदतीवर मोडेल की मालाच्या खात्रीवर?” येथे ग्राहकाला विक्रेत्याचे मन मोडावे लागत नाही, त्याला तीन कप्प्यांपैकी एक उचलायचा असतो. प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजावेत. पडद्यापुढे दहा सेकंद फार लांब वाटतात. पलीकडे विचार करणाऱ्याला ते वाटत नाहीत.

आता पुन्हा हैदराबादच्या कॉलकडे वळावे आणि तोच प्रसंग या रीतीने घडला असता तर काय झाले असते ते पाहावे. विक्रेत्याने दरपत्रकातील चारच ओळी मोठ्या करून दाखविल्या. तळाचा आकडा खरेदीप्रमुखाकडून वाचून घेतला. मग पडदा बंद केला. गुणवत्ता-अधिकाऱ्याचा मायक्रोफोन उघडला आणि मिटला. खरेदीप्रमुख बाजूला पाहू लागला. विक्रेता म्हणाला, “आपण बोलून घ्या, मी थांबतो.” अर्ध्या मिनिटानंतर त्याने सौदा कशावर अडेल हा प्रश्न केला. खरेदीप्रमुख म्हणाला, “दर ठीक आहे. खात्रीचा प्रश्न आहे.” तेव्हा विक्रेत्याने गुणवत्ता-अधिकाऱ्याला विचारले, “साहेब, आपल्याकडे केसिंग नापास होते ते बहुतेक कोणत्या टप्प्यावर?”

आणि मग खरी गोष्ट बाहेर आली. ओतकामात धातू थिजताना आत हवेची पोकळी राहून गेली, तर ती वरून दिसत नाही. कारखान्यात नग मशीनवर चढतो, त्याची वरची कातडी कापली जाते आणि तेव्हा ब्लोहोल उघडे पडते. किंवा पाण्याच्या दाबाच्या चाचणीत ते गळू लागते. ओतशाळा नापास नग बदलून देते हे खरे, पण त्यावर झालेला मशिनिंगचा खर्च कारखान्याचा बुडतो. या कारखान्यात तो नगाला ६५० रुपये होता. आधीच्या पुरवठादाराचे शंभरात तीन नग असे जात. ५०० नगांत १५, म्हणजे महिन्याला ९,७५० रुपयांची बुडीत. मशीनशॉपचा प्रमुख त्यामुळे वैतागलेला होता, आणि दरपत्रकात या खर्चाचा उल्लेखच नव्हता. तिघेही गप्प होते ते यासाठी.

आकडे समोरासमोर ठेवले की धडा आपोआप स्पष्ट होतो. अंदाजाने दिलेली सूट महिन्याला ३६,००० रुपयांची होती. खरी अडचण सगळी मिळून ९,७५० रुपयांची होती. विक्रेत्याने असे सुचविले, की शंभरात एका नगापर्यंतचे नुकसान कारखान्याने सोसावे, त्यापलीकडे जितके नग मशिनिंगनंतर नापास होतील तितक्यांचा मशिनिंगचा खर्च ओतशाळा देईल. ५०० नगांत पाच नग कारखान्याचे. मागच्याइतकेच नग गेले तरी ओतशाळेवर दहा नगांचे ६,५०० रुपये पडतील, आणि तिचे काम चांगले असेल तर तेही पडणार नाहीत. दर मात्र ११२ रुपयेच राहिला. शिवाय पहिल्या ५० नगांची दाबचाचणी दोघांच्या माणसांनी मिळून करावी असे ठरले. ही अट गुणवत्ता-अधिकाऱ्याने सुचविली. ज्याने ती सुचविली तोच पुढे आपल्या कारखान्यात तिचा पाठीराखा होणार, हा लाभ वेगळाच.

अर्थात, या रीतीलाही मर्यादा आहेत. काही शांतता शेवटपर्यंत बोलत नाही. खरेदीप्रमुखाचा निर्णय आधीच झालेला असतो आणि हा कॉल केवळ तिसरे दरपत्रक फायलीत लावण्यासाठी असतो. त्याची खूण अशी, की ग्राहक पुढच्या पायरीची तारीख देत नाही. नमुना केव्हा पाठवू, पॅटर्न कोणी करायचा, पहिला पुरवठा कोणत्या महिन्यात हवा, या प्रश्नांना जो नेमके उत्तर देतो, तो गप्प असला तरी घेणारा आहे. जो गोड बोलतो, दराचे कौतुक करतो आणि तारीख मात्र देत नाही, त्याच्या मौनापेक्षा त्याच्या बोलण्यापासून जपावे. म्हणून पुढची तारीख कॉल चालू असतानाच ठरवावी. नंतर पत्राने ठरवू म्हटले, की ती ठरत नाही.

दुसरी मर्यादा मालाची. बिडाचा नग हातोडीने ठोकून त्याच्या नादावरून तडा ओळखण्याची रीत ओतशाळेत जुनी आहे. एखादा विक्रेता उत्साहाने कॅमेऱ्यापुढे नग ठोकून दाखवितो आणि पलीकडे काहीच ऐकू येत नाही. कारण कॉलची यंत्रणा माणसाच्या बोलण्याखेरीज इतर आवाजांना गोंगाट समजून दाबून टाकते. वजन, स्पर्श, नाद आणि कापलेल्या धातूचा पोत या गोष्टी तारेवरून जात नाहीत. यासाठी कॉलच्या चार दिवस आधी एक नग पूर्ण आणि एक नग मधोमध कापलेला असे दोन नमुने पाठवून द्यावेत. कॉल चालू असताना मशीनशॉपच्या प्रमुखाने तो कापलेला नग हातात धरून कॅमेऱ्यापुढे आणला, तर त्या अर्ध्या तासात त्याच्याहून बोलके दुसरे काही असणार नाही.

कॉल संपल्यावर त्याच दिवशी एक पत्र जावे. ते लांब नसावे. कोणी काय विचारले, काय कबूल झाले, कोणता मुद्दा उघडा राहिला आणि पुढची तारीख कोणती, एवढेच चार ओळींत असावे. आणि ते तिघांनाही जावे. जो माणूस कॉलवर बोलला नाही, तो पुष्कळदा पत्राच्या उत्तरात बोलतो. गुणवत्ता-अधिकाऱ्याने त्या पत्रावर “दाब किती धरायचा ते लिहिलेले नाही” एवढी एक ओळ पाठविली, तर मायक्रोफोन उघडून पुन्हा मिटला होता तो कशासाठी, हे तेव्हा कळेल, आणि ती ओळ करारात घालण्यास अजून वेळ असेल.